डायफ्रॅमची भोकं: आठ-दहा-बारा पाठ असूनही होणाऱ्या चुका

दरवर्षी फर्स्ट एमबीबीएसच्या व्हायवात मी डायफ्रॅम विचारते, आणि दरवर्षी टेबलापलीकडच्या चेहऱ्यावर एकदम हायसं वाटतं. 'हे येतं आपल्याला.' लगेच उत्तर सुरू होतं: "आयव्हीसी टी ८, इसोफेगस टी १०, एओर्टा टी १२." एका दमात, पाढा म्हटल्यासारखं. मी मान डोलावते आणि स्केलेटनकडे बोट करते. "जा, दाखव." तिथून पुढे जे होतं, ते बघून बघून मी कंटाळले आहे, म्हणून हा लेख.

गेल्या वर्षीचीच गोष्ट. मे महिना, नागपूरचं ऊन, हॉलमध्ये दोन कूलर घरघरताहेत, एक्स्टर्नल सर रुमालाने मान पुसताहेत. मुलगा हुशार, जर्नल स्वच्छ. स्केलेटनजवळ गेला, खालून मणके मोजत टी ८ वर आला आणि पॉइंटर सरळ मणक्याच्या पुढच्या पृष्ठभागावर टेकवला. "मॅडम, इथे केव्हल ओपनिंग." मी विचारलं, "मणक्याला चिकटून?" म्हणाला, "हो, टी ८ ला." मग मी म्हटलं, "आयव्हीसी भोकातून वर आली की कुठे जाते?" "राइट एट्रियममध्ये." "छातीत तिची लांबी किती?" "जेमतेम दोन सेंटीमीटर." उत्तरं सगळी बरोबर. "मग राइट एट्रियम मणक्याला चिकटलेलं असतं का?" मुलगा पॉइंटर तसाच धरून उभा. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "काय करून राहिला बे, पुढे घे ना." पॉइंटर दोन इंच पुढे आला, पण का आला हे त्याला कळलं नव्हतं. मित्राने सांगितलं म्हणून आला.

टी ८ हा भोकाचा पत्ता नाही, उंची आहे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मुलांच्या डोक्यात डायफ्रॅम म्हणजे डब्याचं सपाट झाकण असतं आणि त्यावर एका ओळीत तीन भोकं. झाकण सपाट असेल तर तिन्ही भोकं एकाच उंचीवर यायला हवीत, मग आठ, दहा, बारा कुठून आले? हा प्रश्न स्वतःला विचारणारं पोर मला वर्षातून एखादं भेटतं. बाकीचे तीन आकडे तीन मणक्यांवर नेऊन चिकटवतात आणि मोकळे होतात.

डायफ्रॅम घुमट आहे, आणि तिरपा घुमट आहे. पुढे तो झिफॉइडला लागतो, म्हणजे साधारण टी ९ च्या उंचीवर. मागे त्याचे दोन पाय, म्हणजे क्रूरा, खाली लंबर मणक्यांपर्यंत उतरतात: उजवा एल ३ पर्यंत, डावा एल २ पर्यंत. म्हणजे पुढची कड आखूड, मागची लांब. घुमटाच्या माथ्याजवळून मागे निघालात की तुम्ही उतारावर असता. जे भोक जितकं पुढे तितकं ते उंच, जितकं मागे तितकं खाली. आयव्हीसी सगळ्यात पुढे, म्हणून आठ. इसोफेगस तिच्या मागे, म्हणून दहा. एओर्टा अगदी मागे, मणक्याला टेकून, म्हणून बारा. टी ८ म्हणजे त्या भोकातून मागे आडवी रेघ मारली तर ती आठव्या मणक्याच्या पातळीला जाऊन लागते, नेमकं सांगायचं तर आठव्या आणि नवव्यामधल्या डिस्कच्या आसपास. भोक आणि मणका यांच्यामध्ये इसोफेगस आहे, एओर्टा आहे, बरीच जागा आहे. तिघांपैकी मणक्याला खरोखर टेकलेली एकटी एओर्टा.

नळ्यांच्या वाटा पाहिल्या की हे आणखी पक्कं होतं. पोटात आयव्हीसी मणक्यांच्या उजव्या अंगाला टेकूनच वर चढते. पण वर जाता जाता ती मणका सोडून पुढे सरकते, लिव्हरच्या मागच्या खोबणीत शिरते आणि तिथून सेंट्रल टेंडनला गाठते, कारण तिला हृदयात जायचं आहे आणि हृदय पुढे आहे. इसोफेगस छातीच्या वरच्या भागात मणक्यासमोर असतो, खाली येताना एओर्टाच्या पुढून डावीकडे सरकतो. एओर्टा आर्चपासून मणक्याच्या डाव्या बाजूने उतरत उतरत टी १२ ला मध्यावर येते आणि मणका कुठेच सोडत नाही.

माझी सवय सांगते. पद्धत वगैरे नाही, वर्गात माझ्या पिशवीत संत्री असतात म्हणून लागलेली सवय. आपल्या नागपुरी संत्र्याची साल ढिली असते, अर्धी साल वाटीसारखी अख्खी निघते. वाटी उपडी करा. एका बाजूची कड निम्म्याने कापून टाका, ती पुढची बाजू. समोरची लांब कड म्हणजे मागची बाजू. आता माथ्याजवळ, किंचित पुढे आणि उजवीकडे एक भोक पाडा. त्याच्या मागे, उतारावर, किंचित डावीकडे दुसरं. तिसरं भोक पाडायचंच नाही. मागच्या लांब कडेला मधोमध कात्रीने उलट्या इंग्रजी व्हीसारखी खाच मारा. खाचेच्या दोन बाजू म्हणजे दोन क्रूरा, वरचं टोक म्हणजे मीडियन आर्क्युएट लिगामेंट. मागे एक पट्टी उभी धरा, तिच्यावर पेनाने आठ ते बारा आकडे वरून खाली लिहा. तिन्ही ठिकाणी पेनाच्या रिफिली घाला. डोळा भोकाच्या पातळीवर आणून पट्टीकडे बघा. आकडे आपोआप क्रमाने लागतात, आणि पट्टीला फक्त खाचेतली रिफिल टेकते. हे एकदा हाताने केलेलं पोर पुन्हा पॉइंटर मणक्यावर टेकवत नाही.

आणि हो, हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. साध्या श्वासात घुमट १.५ सेंटीमीटरच्या आसपास वरखाली होतो, खोल श्वासात त्याच्या कितीतरी पट. मणक्याची उंची साधारण अडीच सेंटीमीटर, म्हणजे दीर्घ श्वास घेतलेल्या माणसाच्या सीटीवर केव्हल ओपनिंग पुस्तकातल्या आकड्याखाली एक-दोन मणके दिसलं तर दचकू नका. एओर्टाची जागा मात्र हाडाला बांधलेली, ती त्या मानाने स्थिर राहते. व्हायवात आठ-दहा-बाराच सांगायचं, पण सीटीवर मणका मोजून भोक शोधायला जाऊ नका. नळी शोधा, भोक तिथेच असतं.

अक्षरं मोजायची ट्रिक

व्हेना केव्हाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ८ अक्षरं, इसोफेगसमध्ये १०, एओर्टिक हायेटसमध्ये १२. गंमत चांगली आहे. पण इसोफेगसची १० अक्षरं भरतात ती ब्रिटिश स्पेलिंगमध्ये. अमेरिकन पुस्तकातून वाचलेल्या एकाने मला पूर्ण आत्मविश्वासाने टी ९ सांगितलं होतं. शॉर्टकटवर माझा राग नाही, पण ज्याला संत्र्याची साल कळली त्याला अक्षरं मोजायची गरज पडत नाही, आणि ज्याला कळली नाही त्याला अक्षरं वाचवत नाहीत.

डावीकडे आहे म्हणजे डाव्या क्रसमध्ये?

माझी दुसरी आवडती चूक. "इसोफेजियल हायेटस मध्यरेषेच्या कोणत्या बाजूला?" "डावीकडे." बरोबर. "कोणत्या क्रसच्या तंतूंनी बनतं?" "डाव्या, मॅडम." शंभरातले साठ तरी इथे घसरतात (हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजणीचा नाही).

उजवा क्रस मोठा आणि दणकट. त्याचे तंतू वर चढताना काही मध्यरेषा ओलांडून डावीकडे येतात, दुभंगतात, इसोफेगसला दोन्ही बाजूंनी वेढतात आणि पलीकडे सेंट्रल टेंडनला जाऊन मिळतात. गळ्यात गमछा टाकून दोन्ही टोकं मागे खालून कुणीतरी धरावीत, तसा हा फास आहे. काही माणसांत डाव्या क्रसचे तंतूही त्यात सामील होतात, पण नेहमीचं चित्र उजव्या क्रसचं. कॅडॅव्हरवर बघायचं असेल तर पोट मोकळं करून, लिव्हर बाजूला घेऊन, इसोफेगसच्या उजव्या कडेचा स्नायू चिमटीत धरा आणि त्याचा माग खाली घ्या. तो तुम्हाला मणक्याच्या उजव्या बाजूला नेईल. डाव्या कडेचा घ्या. तोही बहुतेक वेळा उजवीकडेच नेतो. हे स्वतः करून न बघता चित्रावर रंगीत पेन्सिल फिरवणारे पुढे वर्षभर डावा क्रस म्हणत राहतात.

हा तपशील पाठ करून सोडायचा नाही, कारण पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. श्वास आत घेतला की भोकांचं काय होतं? घाईत असलेलं पोर म्हणतं, "स्नायू आकुंचन पावतो, तिन्ही बारीक होतात." नाही. इसोफेगसभोवती स्नायूचा फास आहे, तो आवळतो, म्हणून ते भोक अरुंद होतं. तेच बरं असतं, कारण श्वास घेताना पोटात दाब वाढतो, छातीत कमी होतो, आणि पोटातलं आम्ल वर चढायला वाट सापडू नये. आयव्हीसीचं भोक मात्र टेंडनमध्ये आहे. टेंडनला चहूबाजूंनी स्नायू ओढतात आणि आयव्हीसीची भिंत भोकाच्या कडेला चिकटलेली आहे, म्हणून ओढ बसली की भोक ताणलं जाऊन रुंदावतं आणि शिरेतलं रक्त हृदयाकडे यायला मदत होते. एओर्टा खाचेत, डायफ्रॅमच्या मागे. तिला कोणी धरलेलंच नाही, म्हणून फरक नाही. एकाच आकुंचनाचे तीन ठिकाणी तीन परिणाम, आणि तिन्हींचं कारण भोकाची कड कशाची आहे यात.

एन्डोस्कोपी करणाऱ्यांना हा फास रोज दिसतो. रुग्णाला नाकाने जोरात श्वास घ्यायला सांगितलं की नळीच्या खालच्या भागात बाहेरून चिमटा बसल्यासारखं दिसतं. तो डायफ्रॅम. दातांपासून हे अंतर मोठ्या माणसात साधारण ३८ ते ४० सेंटीमीटर. इसोफेगसचं अस्तर बदलून जठराचं जिथे सुरू होतं ती रेषा या चिमट्याच्या जवळपास असायला हवी. ती चिमट्याच्या वर २ सेंटीमीटरहून जास्त सरकलेली दिसली की स्लायडिंग हायेटस हर्निया म्हणतात. फास ढिला पडला आणि जठराचा माथा त्यातून वर घुसला, एवढीच ती गोष्ट. डावा क्रस म्हणणाऱ्या मुलाला मी हे समजावते तेव्हा त्याला एकदम त्या दोन इंच स्नायूत रस येतो.

चित्र उलटं वाचणं

पुस्तकातला डायफ्रॅम बहुतेक वेळा खालून, पोटाच्या बाजूने बघितलेला असतो. मणका पानाच्या तळाशी, स्टर्नम वर, आणि शरीराची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला. म्हणून आयव्हीसीचं भोक पानावर डावीकडे दिसतं. मग मुलं तेच लक्षात ठेवतात आणि व्हायवात आयव्हीसी डावीकडे, इसोफेगस उजवीकडे. मी फळ्यावर डायफ्रॅम काढायच्या आधी डाव्या कोपऱ्यात 'उजवा' असं लिहून घेते, मगच रेघ ओढते. आडव्या सीटीचंही तसंच. इतकं साधं आहे, तरी पेपरात दर गठ्ठ्यात दोन-चार आरशातले डायफ्रॅम सापडतातच.

थोडक्यात उरकण्याजोग्या

"फ्रेनिक नर्व्ह टी ८ मधून जाते." कोणती? उजवी आयव्हीसीसोबत किंवा अगदी तिच्या शेजारून टेंडनमधून. डावी एकटीच, सेंट्रल टेंडनच्या पुढे डावीकडे, स्नायू भेदून. बाजू सांगितली नाही तर मी अर्धा मार्क कापते.

व्हेगसचा डावा पुढे, उजवा मागे. गर्भात जठर फिरतं, म्हणून. दोघेही इसोफेगससोबत, टी १० ला. लेफ्ट गॅस्ट्रिकच्या फांद्याही तिथूनच वर येतात, त्या विसरलात तर इसोफेजियल व्हेरिसेसचं उत्तर अर्धवट राहतं.

मीडियन आणि मीडियल. मीडियन एकच, मध्ये, एओर्टाच्या पुढून. मीडियल दोन, सोआसवरून, त्यांच्या मागून सिम्पथेटिक ट्रंक. लॅटरलही दोन, क्वाड्रेटस लम्बोरमवरून, त्यांच्या मागून सबकॉस्टल. एका अक्षराचा फरक, आणि आपल्या उच्चारात तोही गिळला जातो. व्हायवात सावकाश बोला.

एझायगस कुठून जाते यावरून भांडू नका. एओर्टाच्या सोबत किंवा उजव्या क्रसमधून, दोन्ही सांगितलेलं आहे. स्प्लँक्निक नर्व्हज मात्र क्रस भेदून जातात, त्यांना एओर्टाच्या खाचेत कोंबू नका.

थोरॅसिक डक्ट टी १२ ला, एओर्टा आणि एझायगस यांच्यामध्ये. हे मी पाठ केलं होतं आणि तरीही पीजीच्या पहिल्या वर्षी चरबी साफ करताना ती कात्रीने कापून बादलीत टाकली. फिकट, चेपलेली, मण्यांसारख्या गाठी असलेली बारीक दोरी, चरबीच्या धाग्यासारखीच दिसते. आता मी आधी एझायगस शोधते, मग एओर्टा, आणि दोघींच्या मधल्या फटीत कात्री नेतच नाही. चिमट्याने टोकरते.

"एओर्टा डायफ्रॅम भेदते"

हे वाक्य उत्तरपत्रिकेत मी किती वेळा लाल केलं असेल! भेदत नाही. मागून जाते. खाचेच्या मागे, टी १२ च्या पुढे. मुलांना वाटतं, मॅडम शब्दांचा कीस पाडतात. म्हणून माझ्याच एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगते, त्यानेच सांगितलेली.

तो रेडिओलॉजीत रेसिडेंट झाला, दुसऱ्या शहरात. दिवाळीला घरी आला तेव्हा चहाला आला होता. लिम्फोमाच्या एका रुग्णाचा फॉलो-अप सीटी त्याच्याकडे होता. टी १२ च्या आसपास, एओर्टाच्या उजव्या बाजूला पुढच्या कोपऱ्यात, त्याला गोल, मऊ ऊतीचं काहीतरी दिसलं, साधारण १२ मिलिमीटरचं. क्रूराच्या मागच्या जागेत ६ मिलिमीटरहून मोठी गाठ संशयास्पद धरतात, हे त्याला ठाऊक होतं. जुन्या स्कॅनमध्ये ते इतकं ठळक नव्हतं. त्याने कच्च्या रिपोर्टात लिहिलं: रेट्रोक्रूरल नोड वाढलेला, आजार पुन्हा उलटल्याची शक्यता. म्हणजे रुग्णाला आणखी तपासण्या, कदाचित पुन्हा किमो.

सीनियर मॅडमनी रिपोर्ट वाचला आणि एवढंच विचारलं, "उजवा क्रस कुठे आहे? वेगळा दाखव."

त्याने स्क्रीनवर शोधला. डावा क्रस पट्टीसारखा दिसत होता. उजवा कुठेच नव्हता. एओर्टा ज्या खाचेतून मागून जाते, त्या खाचेची उजवी भिंत असायला हवी होती तिथे तो 'नोड' होता. रेट्रोक्रूरल म्हणजे क्रसच्या मागे, मणक्याच्या पुढे, एओर्टा, एझायगस आणि थोरॅसिक डक्ट जिथे असतात ती जागा. त्याचा गोळा या जागेत नव्हता, जागेच्या कडेवर होता. मॅडमनी त्याला एकेक चित्र खाली सरकवायला लावलं. एल १ वर गोळा लांबट झाला, एल २ वर मणक्याच्या उजव्या पुढच्या कडेला चपटा होऊन चिकटला, एल ३ वर संपला. नोड असता तर दोन-तीन चित्रांत संपला असता, तीन मणके खाली चालत गेला नसता.

जुन्या स्कॅनमध्ये तो ठळक का नव्हता, हेही तिथेच उलगडलं. या वेळी रुग्णाने खोल श्वास घेऊन धरला होता, घुमट बराच खाली होता. स्नायू आकुंचन पावला की आखूड आणि जाड होतो, आणि आडव्या कापात त्याची पट्टी फुगून गोलसर दिसते. जुन्या स्कॅनमध्ये श्वास अर्धवट होता. एझायगस वेगळी आहे का हेही पाहून झालं. ती मागे, मणक्यासमोर, बारीक, वर जात जात आर्च करून एसव्हीसीला मिळालेली स्पष्ट दिसत होती.

"मॅडम," तो बशीत चहा ओतत मला म्हणाला, "तुम्ही पेपरात लाल केलं होतं ना, एओर्टा भेदते म्हणून. माझ्याही."

मी म्हटलं, "तुझ्या पेपरात आरशातला डायफ्रॅमही होता."